नाल्यावरचा गर्डर आणि सोयाबीनची ट्रॉली: एसएफडी-बीएमडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांदण रस्त्याला नाला आडवा आला की दोन्ही काठांवर भिंत, भिंतींवर दोन लोखंडी गर्डर आणि गर्डरवर स्लॅब, असा छोटा पूल विदर्भात बऱ्याच वावरांच्या वाटेवर दिसतो. अशा गर्डरच्या एसएफडी, म्हणजे शिअर फोर्सच्या आकृतीबद्दल, आणि बीएमडी, म्हणजे बेंडिंग मोमेंटच्या आकृतीबद्दल खालचे प्रश्न डिप्लोमाची पोरं, साइटवरचे सुपरवायझर आणि कधीकधी मिस्त्रीही विचारतात. उत्तरं सगळी एकाच पुलावर दिली आहेत, म्हणजे दर प्रश्नाला नवे आकडे डोक्यात भरावे लागणार नाहीत.

पूल नेमका कसा धरला आहे?

दोन आधारांमधलं अंतर ६ मीटर. रुंदी ३ मीटर, खाली दोन गर्डर, त्यांच्यात दीड मीटर अंतर. वर पाच इंची काँक्रीटचा स्लॅब. म्हणजे एका गर्डरच्या वाट्याला दीड मीटर रुंदीचा स्लॅब येतो. काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरलं तर स्लॅबचे मीटरला सुमारे ४.७ किलोन्यूटन होतात. त्यात गर्डरचं स्वतःचं वजन मिळवून आपण सरळ ५ किलोन्यूटन प्रति मीटर घेऊ. हा भार पूर्ण लांबीवर सारखा पसरलेला आहे.

दुसरा भार ट्रॉलीचा. एका ॲक्सलची, सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली, ॲक्सलवर ४८ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पाच टन. ट्रॉली पुलाच्या मधोमध चालली तर प्रत्येक गर्डरवर एका चाकाचे २४ किलोन्यूटन येतात. ट्रॅक्टरला सध्या बाजूला ठेवू. त्याचा हिशोब पुढे आहे.

आधार ‘साधा’ आहे हे कशावरून म्हणायचं?

गर्डरचं टोक वर-खाली जाऊ शकत नाही, पण थोडं फिरू शकतं, एवढीच अट आहे. गर्डर भिंतीवर नुसता लोखंडी प्लेटवर ठेवला असेल तर भार आल्यावर मधला भाग खाली वाकतो आणि टोकं किंचित तिरपी होतात. त्यांना अडवणारं काही नाही, म्हणून टोकाशी मोमेंट, म्हणजे वाकवण्याचा जोर, शून्य. एका टोकाला आडवं सरकायलाही जागा हवी, कारण उन्हाळ्यात लोखंड वाढतं. ४५ अंशांच्या उन्हात तर वाढतंच.

सुरुवात कुठून करायची? मी थेट आकृती काढायला बसतो आणि अडकतो.

आधी आधारांच्या प्रतिक्रिया काढा. त्या चुकल्या तर पुढचं सगळं चुकतं.

समजा ट्रॉलीचं चाक डाव्या आधारापासून २ मीटरवर उभं आहे. पसरलेला भार एकूण ५ × ६ = ३० किलोन्यूटन. तो सारखाच पसरलेला आहे, म्हणून दोन्ही आधारांवर १५-१५. चाकाचे २४ मात्र सारखे वाटले जात नाहीत. जवळच्या आधारावर जास्त जातं. उजव्या आधाराभोवती मोमेंट घेतला तर डाव्या आधारावर २४ × ४ ÷ ६ = १६ येतात, उरलेले ८ उजवीकडे.

म्हणजे डावीकडे १५ + १६ = ३१ आणि उजवीकडे १५ + ८ = २३. बेरीज ५४. भारही ३० + २४ = ५४. ही बेरीज जुळल्याशिवाय पेन्सिल पुढे न्यायची नाही.

शिअर फोर्स म्हणजे गर्डरच्या आत नेमकं काय घडतं?

गर्डर कुठेही मनातल्या मनात उभा कापा आणि फक्त डावा तुकडा बघा. आधार त्याला वर ढकलतो, भार खाली दाबतो. या दोन्हीत जो फरक उरतो, तेवढ्या बळाने उजव्या तुकड्याने डाव्याला धरून ठेवलेलं असतं. तो फरक म्हणजे त्या जागेचा शिअर फोर्स. डाव्या तुकड्यावर वरच्या दिशेचं बळ जास्त असेल तर अधिक, खालच्या दिशेचं जास्त असेल तर उणे, अशी खूण आपण इथे धरली आहे.

आता आपल्या गर्डरवर डावीकडून चालत जाऊ. आधाराशी अधिक ३१. दर मीटरला ५ कमी होत जातात, म्हणून २ मीटरवर चाकाच्या अगदी अलीकडे अधिक २१. चाकाखाली एकदम २४ ची उडी खाली, म्हणजे चाकाच्या पलीकडे उणे ३. तिथून पुढे ४ मीटरमध्ये आणखी २० कमी होतात आणि उजव्या आधारापाशी उणे २३ उरतात. आधाराची प्रतिक्रिया २३ वर ढकलते आणि आकृती शून्यावर बंद होते.

काढताना दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. पसरलेल्या भाराखाली रेष तिरपी उतरते, तिचा उतार म्हणजे भाराची तीव्रता. एका जागी आलेल्या भाराखाली रेष उभी पडते. पेपर तपासताना बऱ्याच मुलांनी चाकाखालची उडी तिरपी काढलेली दिसते. तसं काढलं की २ मीटरवर शिअर नेमका किती हे आकृतीवरून सांगताच येत नाही.

बीएमडी काढायला पुन्हा प्रत्येक ठिकाणी मोमेंट मोजायचा का?

मोजता येतो, पण गरज नाही. शिअरच्या आकृतीखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या दोन बिंदूंमधला मोमेंटमधला बदल. डाव्या आधारापाशी मोमेंट शून्य. तिथून २ मीटरपर्यंत शिअर ३१ वरून २१ वर उतरतो, म्हणजे सरासरी २६. २६ × २ = ५२ किलोन्यूटन-मीटर. चाकाखाली मोमेंट ५२.

पुढे ४ मीटरमध्ये शिअर उणे ३ वरून उणे २३ वर जातो, सरासरी उणे १३. उणे १३ × ४ = उणे ५२. ५२ मधून ५२ गेले, उजव्या आधारापाशी शून्य. साध्या आधारावर मोमेंट शून्यच यायला हवा, म्हणून हिशोबाची तपासणीही आपोआप झाली.

मधली रेष सरळ नाही. पसरलेल्या भारामुळे ती वक्र आहे, पॅराबोला. शिअर जिथे मोठा, तिथे मोमेंट भराभर चढतो. शिअर जिथे लहान, तिथे तो सपाट होत जातो. म्हणून आधाराजवळ ही रेष चढाची असते, वरच्या टोकाकडे येताना तिचा चढ कमी होतो. आणि चाकाखाली शिअर एकदम बदलतो, म्हणून तिथे बीएमडीला टोक येतं. तिथे गुळगुळीत वळण काढलं तर चूक.

मोमेंट वर काढायचा की खाली?

आपल्याकडच्या डिप्लोमाच्या वर्गात खाली वाकवणारा मोमेंट अधिक धरून रेषेच्या वर काढतात. काही ठिकाणी ज्या बाजूला ओढणारा ताण येतो त्या बाजूला काढतात. परीक्षेत आपल्या सरांची पद्धत पाळा. साइटवर मात्र आकृतीशेजारी ‘खाली ताण’ असं चार अक्षरांत लिहून ठेवा, कारण सळई तिथे जाते.

सर्वांत मोठा मोमेंट नेहमी चाकाखालीच असतो ना?

नाही. हा प्रश्न आल्यावर मी चाक २ मीटरवरून १ मीटरवर आणायला सांगतो.

चाक डाव्या आधारापासून १ मीटरवर. डावीकडे १५ + २० = ३५, उजवीकडे १५ + ४ = १९. शिअर ३५ पासून सुरू होतो, चाकाच्या अलीकडे ३०, पलीकडे ६. बघा, चाक ओलांडूनही शिअर अजून अधिकच आहे. म्हणजे मोमेंट अजून वाढतोच आहे. उरलेले ६ संपायला मीटरला ५ या दराने १.२ मीटर लागतात. म्हणून शिअर शून्य होतो ते डाव्या आधारापासून २.२ मीटरवर.

चाकाखालचा मोमेंट ३२.५. आणि २.२ मीटरवर? चाकापासून तिथपर्यंतचा शिअरचा त्रिकोण: ६ × १.२ ÷ २ = ३.६. मिळून ३६.१. सर्वांत मोठा मोमेंट चाकापासून सव्वा मीटर दूर, जिथे वरून काहीच ठेवलेलं दिसत नाही.

नियम एवढाच: शिअर जिथे अधिकातून उणेत जातो, तिथे मोमेंट सर्वांत मोठा. मागच्या उदाहरणात हे चाकाखालीच घडलं, कारण २१ मधून २४ गेले आणि खूण तिथेच बदलली. चाक सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. खूण बदलल्याची जागा शोधा.

ट्रॉली तर चालत जाते. मग कोणती आकृती खरी?

प्रत्येक क्षणाची आकृती त्या क्षणापुरती खरी. गर्डर निवडताना मात्र प्रत्येक गोष्टीसाठी सर्वांत वाईट क्षण शोधावा लागतो, आणि शिअरचा वाईट क्षण मोमेंटच्या वाईट क्षणापेक्षा वेगळा असतो. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

चाक नुकतंच पुलावर चढलं, डाव्या आधाराच्या अगदी जवळ आहे. अख्खे २४ डाव्या आधारावर. शिअर १५ + २४ = ३९. मोमेंटमध्ये मात्र चाकाचा जवळपास काहीच वाटा नाही. तेव्हाचा मोठ्यात मोठा मोमेंट फक्त स्लॅब-गर्डरच्या वजनाचा, मध्यावर ५ × ६ × ६ ÷ ८ = २२.५.

चाक मध्यावर आलं की चित्र उलटतं. आधाराशी शिअर १५ + १२ = २७ पर्यंत उतरतो, पण मोमेंट २२.५ + (२४ × ६ ÷ ४) = २२.५ + ३६ = ५८.५ होतो. चाक २ मीटरवर असताना तो ५२ होता.

म्हणून गर्डरच्या मध्यभागाची ताकद ५८.५ साठी बघायची आणि टोकाच्या जाळीची, म्हणजे उभ्या पातळ पत्र्याची, ३९ साठी. दोन्ही आकडे एकाच आकृतीत शोधत बसलं तर एक चुकणारच.

गावात दोनशेचा गर्डर पडून आहे. चालेल का?

मोमेंट ५८.५ आहे. आयएसएमबी २००, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीच्या गर्डरचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, सुमारे २२३ घनसेंटिमीटर. मोमेंटला त्याने भागलं तर सुमारे २६२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण येतो. साधं स्ट्रक्चरल स्टील २५० ला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे ट्रॉली मध्यावर पोचली की गर्डर वाकेल आणि ट्रॉली उतरल्यावर पूर्ण सरळ होणार नाही. नाही चालत.

आयएसएमबी २५० चा मॉड्युलस सुमारे ४१० घनसेंटिमीटर. ताण १४३. जुन्या पद्धतीने २५० च्या ०.६६ पट, म्हणजे १६५ पर्यंत चालवतात, तेव्हा हा बसतो असं वाटतं. पण हा हिशोब ट्रॉली हळूच ठेवल्यासारखा आहे. खड्ड्यातून उसळून पुलावर येणाऱ्या चाकाचा धक्का त्यात नाही. रस्त्यांच्या पुलांसाठीच्या आयआरसी:६ मध्ये क्लास-ए भाराला पोलादी पुलावर धक्क्याची भर 9/(13.5+L) अशी दिली आहे. ६ मीटरला ती सुमारे ४६ टक्के होते. तेवढी धरली तर चाकाचे ३६ जवळपास ५२.६ होतात, एकूण मोमेंट ७५ आणि ताण १८३. १६५ च्या वर गेला.

आयएसएमबी ३०० चा मॉड्युलस सुमारे ५७४. ताण १३१. मी तरी तीनशेचाच घ्यायला सांगेन. आणि हे आकडेही तेव्हाच खरे, जेव्हा स्लॅबने गर्डरची वरची पाटी आडवी धरून ठेवलेली असते. वर नुसत्या सुट्या फळ्या टाकल्या तर दाबाखालची वरची पाटी बाजूला सटकू शकते आणि गर्डर याहून कमी भारात फसतो.

ट्रॅक्टरचं मागचं चाक धरलं तर मोमेंट बराच वाढतो का?

मोमेंट नाही, शिअर वाढतो. समजा ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलचे एका गर्डरवर १२ किलोन्यूटन येतात आणि ते ट्रॉलीच्या चाकापुढे ३ मीटरवर आहे.

ट्रॉलीचं चाक डाव्या आधाराशी असताना ट्रॅक्टरचं चाक मध्यावर. डाव्या आधारावर १५ + २४ + ६ = ४५. आधी ३९ होते.

मोमेंटसाठी दोन्ही चाकं सरकवत बघितलं तर ट्रॉलीचं चाक डाव्या आधारापासून सुमारे २.७ मीटरवर असताना मोठ्यात मोठा मोमेंट ५९.५ च्या आसपास मिळतो. ५८.५ वरून फक्त एकाने वाढला, कारण तेव्हा ट्रॅक्टरचं चाक उजव्या आधाराच्या अगदी जवळ गेलेलं असतं. पुस्तकातला नियम सांगतो की ट्रॉलीचं चाक आणि दोन्ही चाकांच्या एकत्रित भाराची जागा यांच्या बरोबर मध्ये पुलाचा मध्य यावा. त्याने जागा २.५ मीटर येते. थोडा फरक पडतो, कारण तो नियम फक्त चाकांच्या भाराचा आहे, पसरलेला भार त्यात नाही.

काळ्या मातीत एका काठाची भिंत खचली. आकृत्या बदलतील का?

बदलत नाहीत, आणि आपल्याकडे साध्या आधाराचा हा फार मोठा फायदा आहे. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. नाल्याच्या दोन काठांवरच्या भिंती सारख्या खचतील याची खात्री नसते.

आपल्या प्रतिक्रिया ३१ आणि २३ कशा आल्या ते आठवा. फक्त बेरीज आणि मोमेंटच्या समतोलातून. आधार किती खाली गेला हे कुठे लागलंच नाही. उजवी भिंत २ सेंटिमीटर बसली तर गर्डर किंचित तिरपा होतो, पण आत नवा मोमेंट येत नाही. हाच पूल दोन गाळ्यांचा, मधल्या खांबावरून अखंड जाणारा असता, तर मधला खांब खचताच बीममध्ये नवे मोमेंट आले असते आणि भेगाही.

याचा अर्थ भिंत खचू द्यावी असा नाही. गर्डर प्लेटवरून सरकला तर कोणतीही आकृती वाचवत नाही.

मिस्त्री म्हणतो, टोकं काँक्रीटमध्ये पक्की गाडून टाकू, मजबूत होईल. बरोबर आहे का?

गाडली की टोकं फिरू शकत नाहीत, मग आधार साधा राहत नाही. टोकाशी वरच्या बाजूला ताण देणारा मोमेंट येतो आणि मधला मोमेंट थोडा कमी होतो. लोखंडी गर्डरला दोन्ही बाजू सारख्याच, त्याला फारसं वाटत नाही. भिंतीला वाटतं. ती गर्डरच्या टोकाने पिरगळली जाते आणि वरच्या थरात भेग पडते.

आरसीसी बीम असेल तर प्रश्न जास्त गंभीर. आकृती साध्या आधाराची, म्हणून सगळी सळई खाली, आणि टोकं मात्र भिंतीत घट्ट. मग आधाराशेजारी, बीमच्या वरच्या अंगाला उभी भेग येते. अशी भेग दिसली की समजावं, बांधताना बीम आकृतीसारखा राहिला नाही. म्हणूनच टोकाशी वरून थोडी सळई देतात, आकृतीत शून्य दिसत असलं तरी.

आरसीसी बीममध्ये या दोन आकृत्या कुठे वापरतात?

बीएमडीवरून खालची मुख्य सळई ठरते, एसएफडीवरून रिंगांचं अंतर. मोमेंट मध्यावर मोठा, म्हणून सगळ्या सळया मध्यावर हव्यात. आधाराकडे जाताना काही थांबवता येतात, पण आयएस ४५६ प्रमाणे किमान एक तृतीयांश खालच्याच अंगाने आधाराच्या आतपर्यंत न्याव्या लागतात. शिअर आधाराशी मोठा, म्हणून रिंगा टोकाकडे जवळजवळ आणि मध्याकडे थोड्या विरळ. साइटवर उलटं बांधलेलंही दिसतं, मध्यभाग ‘महत्त्वाचा’ म्हणून तिथे दाट. मग आधाराजवळ पंचेचाळीस अंशांत तिरपी भेग येते. मध्यावरची उभी बारीक भेग खालून सुरू होते. तिरपी आणि उभी यांतला फरक बघूनच कोणती आकृती दुर्लक्षिली ते कळतं.

आकृती बरोबर आली हे सरांना न विचारता कसं ओळखायचं?

उजव्या टोकाला शिअर प्रतिक्रियेने बरोबर शून्यावर बंद होतो का ते बघा. मग शिअरचं अधिक क्षेत्रफळ आणि उणे क्षेत्रफळ सारखं आहे का ते मोजा. आपल्या पहिल्या उदाहरणात ते ५२ आणि ५२ होतं. दोन टोकांमध्ये बाहेरून पिळणारा वेगळा मोमेंट लावलेला नसेल तर ते सारखंच यायला हवं. शेवटी एका बिंदूचा मोमेंट उजवीकडून मोजा: २३ × ४ − ५ × ४ × २ = ९२ − ४० = ५२. डावीकडून आलेल्याशी जुळला की झालं.

ट्रॉली एका कडेने गेली तर?

मग अर्धा-अर्धा वाटा राहत नाही. गर्डर दीड मीटर अंतरावर आहेत. ट्रॉली मध्यापासून ३० सेंटिमीटर सरकली तर ढोबळ हिशोबाने एका गर्डरवर ४८ पैकी ३३.६ येतात, २४ नाही. आकृतीचा आकार तोच, चाकाचे आकडे ४० टक्क्यांनी मोठे. समोरून बैलबंडी आली की ट्रॉलीवाला कडेला घेतोच, त्यामुळे हे दर हंगामात घडणार. दोन्ही बाजूंना स्लॅबवर ठळक कठडा घालून चाकाची वाट आधीच मध्यावर बांधून टाकणं, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

याच पुलावरून जेसीबी नेता येईल का?

या आकड्यांच्या भरवशावर नाही. जेसीबीच्या मागच्या ॲक्सलवरचं वजन आणि दोन ॲक्सलमधलं अंतर आधी घ्या, ट्रॉलीच्या २४ आणि १२ च्या जागी ते आकडे ठेवा आणि पुन्हा दोन्ही वाईट क्षण शोधा: एक आधाराशी, एक मध्याजवळ.